मिक्सरचा रिव्ह्यू: कौतुक म्हणायचं की टोमणा?

सावंत काका (सेक्रेटरी): मंडळी, गणपतीच्या प्रसादाला सोसायटीचा मिक्सर घ्यायचाय, जुन्याची मोटर गेली. ७५० वॅटचा एक ऑनलाइन बघून ठेवलाय, बजेटमध्ये बसतोय, पण सगळ्यात वर जो रिव्ह्यू आहे त्याचा अर्थच लागेना. जसाच्या तसा टाइप करतो: "नाद खुळा मिक्सर!! चटणी होईस्तोवर हात शेकून निघतात, थंडीत हीटर नको. सकाळी लावला की अख्खा मजला उठून बसतो. ५ स्टार, सगळ्यांनी घ्या, मी एकट्यानेच का भोगायचं." हा माणूस घ्या म्हणतोय का घेऊ नका म्हणतोय?

अमोल (ए ७०२): काका ५ स्टार दिलेत म्हणजे चांगलाच असणार, आणि नाद खुळा म्हणजे एक नंबर

सुनीता काकू (बी ३०४): अरे शेवटचं वाक्य वाच की, भोगायचं म्हणतोय तो

मेघना (सी १०५): काका ही तक्रार आहे, शंकाच नको. सर्विस सेंटरला माझं कामच ते आहे, गिऱ्हाइकांचे रिव्ह्यू वाचून तक्रारी वेगळ्या काढायच्या. आम्ही काय करतो, स्टार झाकायचे, भारी-खुळा-झकास असले शब्द खोडायचे आणि प्रत्यक्ष घडलं काय तेवढंच कागदावर लिहायचं. या रिव्ह्यूत मग उरतं काय? मिक्सर हाताला लागेल इतका तापतो आणि आवाज फार करतो, बस. वाटण बारीक होतं का, किती वेळात होतं, झाकण गळतं का, यातलं एक अक्षर नाही. मिक्सरचं जे काम तेच सोडून हीटर आणि गजर म्हणून कौतुक चाललंय ना, मग तो टोमणाच. खरंच खूश असलेला माणूस सहसा स्वतःच्या स्वयंपाकातलं काहीतरी सांगतो, इडलीचं पीठ फुगलं, शेंगदाण्याचं कूट भरड राहत नाही, असं काहीतरी.

अमोल (ए ७०२): पटतंय पण ५ स्टार कशाला द्यायचे मग? १ दे आणि मोकळा हो

मेघना (सी १०५): टोमणा पूर्ण व्हायला देतात रे, वर ५ स्टार आणि खाली असला मजकूर म्हणजे वाचणारा थांबतोच. उलटंही खूप येतं आमच्याकडे, "मिक्सर मस्त चालतोय पण डिलिव्हरी आठ दिवस लेट, १ स्टार". तो राग कुरिअरवर असतो, वस्तूवर नाही, आणि दोन्ही मिळून सरासरीत जातात. म्हणून नुसता आकडा बघून मी कधीच ठरवत नाही.

प्रिया (डी २०१): मेघनाताई, मला तर शब्दांतच गोंधळ होतो, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर "वाट लावली" चांगल्या अर्थाने पण म्हणतात. कसं ओळखायचं?

मेघना (सी १०५): बरोबर विचारलंस, इथेच सगळे फसतात. एकट्या शब्दावरून नाही ठरत, वाट कोणाची लागली ते बघायचं. "सुक्या खोबऱ्याची पार वाट लावतो, दोन मिनिटांत भुगा" हे कौतुक, कारण खोबऱ्याचा भुगा व्हावा म्हणूनच तर मिक्सर घेतला. "पहिल्याच महिन्यात वाट लावली" म्हटलं की वाट घेणाऱ्याची लागलेली असते. खतरनाक, बाजार उठवला, राडा, सगळ्यांना हेच. आणि "आग आहे हा मिक्सर" असं आलं तर दोनदा वाच गं, पोरं आग म्हणजे जबरदस्त म्हणतात पण इलेक्ट्रिक वस्तूत ते खरंच जळण्याबद्दल पण असू शकतं. पुढेमागे वास, धूर, प्लग, ट्रिप असा शब्द दिसला तर ते शब्दशः धरायचं. आणि लिहिणारा कुठला तेही थोडं बघावं लागतं, कोल्हापूरकडचा माणूस विषय हार्ड, नाद खुळा हे अगदी मनापासून लिहितो, म्हणजे त्या शब्दात मुळात खोट काही नाही, या रिव्ह्यूत ते टोमण्यासाठी वापरलंय हे पुढच्या दोन ओळींनी कळलं.

जोशी काका (ए १०१): बिक कंपनीच्या पेनांचा किस्सा आठवला. खास बायकांसाठी म्हणून गुलाबी-जांभळी पेनं काढली होती, २०१२ साली त्यावर लोकांनी ऑनलाइन रिव्ह्यूंचा पाऊस पाडला, आता कुठे आम्हा बायकांना लिहिता यायला लागलं, नवऱ्याचं पेन उचलावं लागत नाही, अशा थाटात.

मेघना (सी १०५): हो काका, चांगलं उदाहरण दिलंत. त्यात निशाणा पेनावर नव्हताच, बायकांना वेगळं पेन लागतं या कल्पनेवर होता. त्यामुळे ते रिव्ह्यू वाचून शाई अडकते का, रिफिल किती चालते हे काहीच कळत नाही. टोमणा आहे एवढं ओळखून काम भागत नाही, तो कशाला मारलाय ते पण बघायचं. जाहिरातीला, किमतीला किंवा पॅकिंगला असेल तर वस्तूच्या हिशोबातून तो बाजूला काढायचा.

सावंत काका (सेक्रेटरी): आणि हे बघ, खाली एकाने फक्त "वा, काय वस्तू आहे 🙏" एवढंच लिहिलंय

मेघना (सी १०५): तो सोडून द्या काका. घटनाच नाही तर ठरवणार कशावरून, हात जोडलेत ते आभाराचे का वैतागाचे हे आम्हालाही ऑफिसात सांगता येत नाही, आम्ही असले सरळ वगळतो. तुम्ही आता एक करा, २ आणि ३ स्टारचे रिव्ह्यू उघडा, तिथे लोक सहसा साधं सरळ लिहितात, आणि तापतो, वास, बंद पडला हे शब्द शोधा. तीच तक्रार वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या लोकांनी, साध्या भाषेत लिहिली असेल तर वरचा टोमणा खरा धरायचा. रिव्ह्यूखाली मॉडेल किंवा वॅट दिलेलं असेल तर तेही बघा, काही ठिकाणी ५०० आणि ७५० वॅटचे रिव्ह्यू एकत्रच दिसतात.

सावंत काका (सेक्रेटरी): बघितले. वासाची तक्रार बऱ्याच जणांची आहे पण सगळे पहिल्याच दिवसाचं बोलतायत. तापतो असं तिघांनी लिहिलंय, तिघेही ७५० वालेच. एकजण म्हणतो इडलीचं पीठ सलग वाटताना मध्येच बंद पडला, मग खालचं लाल बटण दाबून चालू झाला.

मेघना (सी १०५): पहिल्या दिवसाचा वास धरू नका, नव्या मोटरच्या वॉर्निशचा वास सुरुवातीला येतो, नंतर जातो. आठवड्यांनंतरही येत असेल तर मात्र धरायचा. लाल बटण म्हणजे ओव्हरलोडचं, लोड जास्त झाला की मोटर जळू नये म्हणून ते मिक्सर बंद करतं, म्हणजे ते आपलं काम करतंय. पण तापण्याचं तिघांचं आणि वरच्या टोमण्याचं जुळतंय, त्यामुळे सलग चालवला की हा तापतो हे मी खरं मानेन. घरच्या रोजच्या चटणीला चालून जाईल. आपल्याला दीडशे माणसांचं वाटण एका सकाळी काढायचंय, त्यासाठी हा नको. घरगुती मिक्सर सलग चालवायला नसतातच, बऱ्याच मॅन्युअलमध्ये ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद असं काहीतरी दिलेलं असतं.

सुनीता काकू (बी ३०४): मग सावंत भाऊजी, घरगुती घेऊच नका, भांड्यांच्या दुकानात कॅटरिंगवाले वापरतात तसला मोठा मिळतो का विचारा, नाहीतर तेवढ्या दिवसापुरता भाड्याने आणू. मोदकांचं खोबरं आम्ही बायका विळीवर खवतो, मिक्सर फक्त चटणीला ठेवा.

सावंत काका (सेक्रेटरी): ठीक आहे, कार्टमधून काढला. उद्या संध्याकाळी दुकानात जातोय, मेघना तू आणि अमोल येताय का सोबत, सात वाजता गेटपाशी.

अमोल (ए ७०२): येतो काका