उत्तर जुळतंय, पण अपूर्णांक उलटाच केला नाही. बरोबर द्यायचं की चूक?

रातपाळी:
मुलीने वहीचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच, "बाबा, बरोबर आहे का?" अपूर्णांकांचा भागाकार आहे, तीन गणितं. तिने दुसरा अपूर्णांक उलटा केलेलाच नाही. सरळ वरच्याला वरच्याने आणि खालच्याला खालच्याने भागलंय:

८/१५ ÷ २/३ = ४/५
९/२० ÷ ३/४ = ३/५
५/६ ÷ २/३ = २/२ = १

"चूक, उलटा करून गुण" असं लिहून पाठवणारच होतो. त्याआधी पहिलं स्वतः करून पाहिलं तर २४/३० आलं, म्हणजे ४/५च. दुसरंही जुळलं. तिसरं मात्र जुळत नाही. ही रीत बरोबर आहे की दोनदा नशिबाने साथ दिली?

जुनी पाटी:
नशीब. तिसऱ्यात उघडं पडलंच की. भागाकाराचं चिन्ह बदलून गुणाकार करायचा आणि दुसरा अपूर्णांक उलटा करायचा, एवढी एक रीत पक्की असली की कुठलंही गणित द्या, अडत नाही. ही वरचे वर, खालचे खाली सवय आत्ताच मोडा. उद्या बेरजेतही हेच करेल आणि १/२ + १/३ = २/५ लिहून मोकळी होईल.

दीडशहाणा:
नशीब नाही, पण रीत अर्धीच आहे. वरच्याला वरच्याने आणि खालच्याला खालच्याने पूर्ण भाग जात असेल तरच ती चालते. पहिल्या दोन गणितांत जातो, तिसऱ्यात ५ ला २ ने जात नाही. तेव्हा लेकीला सांगा, भाग गेला तर तुझी रीत, नाही गेला तर बाबांची.

अंशतः सहमत:
रीत पूर्ण बरोबर आहे, तिसऱ्या गणितातसुद्धा. तिथे चुकला आहे तो ५ ÷ २ चा साधा भागाकार. ५ ला २ ने भागल्यावर २ येऊन १ उरतो, आणि तो उरलेला १ मुलीने वाऱ्यावर सोडून दिला. वर अडीच आणि खाली २ असं लिहिलं असतं, तर अडीच भागिले २ म्हणजे ५/४, आणि तेच उत्तर आहे.

रातपाळी, फोटो जरा मोठा करून तिसऱ्या गणिताच्या आसपास बघा. काही खोडलेलं दिसतंय का?

रातपाळी:
दिसतंय! २/२ च्या उजव्या अंगाला पुसट "बा. १" आहे, त्यावर खोडरबर फिरवलाय. मला वाटलं सावली पडली असेल. म्हणजे बाकी उरलीय हे तिला कळलं होतं, तिचं करायचं काय ते सुचलं नाही.

अंशतः सहमत:
मग तीन गणितांना मिळून एक फुली देऊ नका. पहिली दोन बरोबर आहेत. तिसऱ्यात नेमकी कुठली पायरी घसरली, तेवढीच दाखवा.

आणि बरोबर की चूक हे ठरवायला तुमची रीत आठवायची गरजच नाही. ताळा करा. भागाकाराचा ताळा गुणाकाराने. ४/५ × २/३ = ८/१५, म्हणजे पहिलं बरोबर. तिसऱ्यात १ × २/३ = २/३. यायला हवे होते ५/६, म्हणजे चूक. मुलीने कुठल्या वाटेने उत्तर काढलं याच्याशी ताळ्याला देणंघेणं नाही.

ताळ्याच्याही आधी नुसत्या नजरेने चूक पकडता येते. ५/६ हे २/३ पेक्षा मोठे आहेत, कारण २/३ म्हणजे ४/६. मोठ्याला लहानाने भागल्यावर उत्तर १ पेक्षा जास्तच यायला हवं. ठोक १ आलं तिथेच थांबायचं.

जुनी पाटी:
माझ्या बेरजेच्या मुद्द्याला बगल दिलीत. "वरचे वर, खालचे खाली" हे एकदा डोक्यात बसलं की मूल चिन्ह बघत नाही, वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. वाट चुकीची असूनही उत्तर आलं, म्हणून शाबासकी द्यायची का?

अंशतः सहमत:
बेरजेची भीती खरी आहे. पण मग गुणाकारही बंद करावा लागेल. तिथे आपण सगळेच वरचे वर, खालचे खाली गुणतो आणि त्याला कुणी वाईट सवय म्हणत नाही. भागाकार म्हणजे तोच गुणाकार उलट्या दिशेने. ४/५ × २/३ करताना वर ४ ला २ ने गुणून ८ झाले, खाली ५ ला ३ ने गुणून १५. आता ८/१५ वरून मागे यायचं तर ८ ला २ ने आणि १५ ला ३ ने भागायचं. मुलगी आल्या पावली परत गेली, बस.

बेरीज त्या वाटेवर नाही, आणि ते तिला दाखवणंही सोपं आहे. अर्ध्यात आणखी काही घातलं आणि २/५ झाले म्हणे. अर्ध्यापेक्षा कमी! घातल्यावर कमी कसं होईल, एवढं विचारा.

मुलाची आई:
आमच्याकडेही हाच प्रकार. मुलगा ४२ − १७ करताना हातचा घेतच नाही. ४० − १० = ३०, मग २ − ७ = −५, मग ३० − ५ = २५. उत्तर बरोबर असून वहीत लाल फुली आली. सांगा आता, फुली चुकीची नाही का? मी विचारायला जाणार आहे.

खडू:
तुमचं वजाबाकीचं आहे, इथे भागाकार चाललाय. पण मुलाचं बरोबर आहे. फुली का दिली हे मात्र फोटोतल्या एका ओळीवरून सांगता येणार नाही. वर "हातचा घेऊन सोडवा" असं छापलं असेल, तर तपासायचं होतं ते हातचा घेणं.

रातपाळी, तुमच्याही फोटोत प्रश्नाची ओळ दिसत नाही म्हणून विचारते. "गुणाकार व्यस्त वापरून" असं काही वर आहे का? असेल तर उत्तर बरोबर असूनही त्या प्रश्नाचे गुण जाऊ शकतात. नसेल तर मी पूर्ण गुण देईन. सगळे देतीलच याची खात्री नाही.

दीडशहाणा:
५/६ ला अडीच भागिले २ करायला लावणं म्हणजे अपूर्णांकाच्या डोक्यावर अपूर्णांक. मुलं गोंधळणार. म्हणून म्हणतो, भाग जात असेल तेव्हाच वापरावी.

अंशतः सहमत:
अडीच नको असतील तर भाग जाईल असा अपूर्णांक करून घ्यायचा. ५/६ चे १०/१२ करा, किंमत तीच. आता १० ÷ २ = ५ आणि १२ ÷ ३ = ४. उत्तर ५/४.

कशाने वाढवायचं ते सुचलं नाही, तर समोरच्याच २ आणि ३ ने वर-खाली गुणा. गुणाकार उरकू नका, नुसता मांडून ठेवा: (५ × २ × ३)/(६ × २ × ३) ÷ २/३. वरच्याला २ ने भागलं की वरचा २ गेला, राहिलं ५ × ३. खालच्याला ३ ने भागलं की खालचा ३ गेला, राहिलं ६ × २. म्हणजे १५/१२. आता जुनी पाटींनी सांगितलं तसं करा, ५/६ × ३/२. तिथेही वर ५ × ३ आणि खाली ६ × २.

"उलटा करून गुणा" हा मुलीच्याच रीतीचा शेवटचा मुक्काम आहे. भाग जावो न जावो, एकदम तिथे पोहोचवतो, म्हणून तो आपल्याला पाठ करायला लावला. तो तिला यायलाच हवा, याबद्दल माझा वाद नाही. ८/१५ ÷ २/३ ला मात्र तिने थेट ४/५ लिहिले आणि आपण २४/३० करून परत ६ ने छोटं करत बसलो.

जुनी पाटी:
मांडणी पटली, खोटं कशाला बोलू. तरी माझ्या घरचं ऐका. आमच्या नातवाने हीच रीत पूर्णांकयुक्त अपूर्णांकांना लावली. अडीच भागिले सव्वा. दोनाला एकाने भागून २, अर्ध्याला पावाने भागून २, दोन्ही मिळवून ४! आता सव्वा दुणे अडीच, उत्तर २. तुमच्या लेखी हेही बरोबरच का?

अंशतः सहमत:
नाही, ते साफ चूक, आणि उदाहरण चांगलं दिलंत. अडीचमध्ये दोन आणि अर्धा यांची बेरीज दडलेली असते. बेरजेचे तुकडे सुटेसुटे भागून जोडता येत नाहीत. आधी ५/२ आणि ५/४ करायचे, मग ५ ÷ ५ = १ वर, आणि २ ÷ ४ = १/२ खाली. एकात अर्धे किती? दोन. पण ही चूक "उलटा करून गुणा" शिकलेली मुलंही करतात. अर्धा आणि पाव तेवढे उलटे करून बसतात.

जुनी पाटी:
तेही खरं आहे. तरीसुद्धा मी आधी एक रीत पक्की करून घेईन, दुसरी नंतर.

खडू:
आणि मी म्हणेन, तिला स्वतःहून सुचलेली आधी, उलटी करायची नंतर. यावर आपलं जमणार नाही.

रातपाळी:
आत्ता सुटीत फोन केला. प्रश्नाची ओळ वाचून घेतली, "भागाकार करा" एवढंच आहे. ही रीत कुणी शिकवली म्हणून विचारलं तर म्हणाली, "कुणी नाही. गुणताना आपण वरचे वर करतो ना, मग भागताना का नाही?" बाकी का खोडली, तर "उत्तरात बाकी लिहायची जागाच नव्हती."

१०/१२ सांगितले नाहीत. फक्त ताळा करायला लावला. २/३ आले तेव्हा गप्प झाली, मग म्हणाली थांबा. पाच मिनिटांनी दुसरा फोटो आला. त्यात तिने ५/६ चे २०/२४ केलेत, वर १०, खाली ८, मग ५/४. चौपट कशाला केले ते अजून विचारलं नाही. काम सुरू झालं.