मदत हवी आहे: वेलांटीची दुरुस्ती ट्रॅक चेंजेसमध्ये लेखकाला दिसेल अशी कशी करावी?

नमस्कार मंडळी. एका लेखकाचं हस्तलिखित वर्डमध्ये Track Changes चालू ठेवून तपासते आहे. शब्द बदलला, वाक्य हलवलं की खूण स्वच्छ दिसते. अडचण ऱ्हस्व-दीर्घाची आहे. ‘आणी’मधली फक्त वेलांटी खोडून ‘आणि’ केलं, तर जुनी आणि नवी वेलांटी एकाच ‘ण’भोवती गर्दी करतात, आणि नेमकं काय बदललं ते लेखकाला कळत नाही. अशा दुरुस्त्या पानोपानी आहेत. नजरेतून सुटल्या तर तो त्याच चुका पुढच्या प्रकरणातही करणार.

सध्या मी अख्खा शब्द निवडून नव्याने टाइप करते. मग ‘आणी’ पूर्ण खोडलेला आणि शेजारी ‘आणि’ दिसतो. वाचायला सोपं, पण काम फार रेंगाळतं.

दुसरा मार्ग सुचतोय: ट्रॅकिंग बंद ठेवून प्रतीवर दुरुस्त्या करायच्या आणि शेवटी Review मधल्या Compare ने मूळ फाइलशी ताडून बघायच्या. तिथे Show changes at खाली Word level निवडता येतं, म्हणजे खुणा अख्ख्या शब्दाला पडतील. पण मूळ फाइलमध्ये आधीचे न स्वीकारलेले बदल असतील, तर तुलनेत ते स्वीकारल्यासारखेच धरले जातात, ही भीती आहे.

मोठ्या मराठी मजकुरावर कुणी हे केलंय का? समासातल्या टिपा नीट राहतात का? आणि एकच चूक वारंवार येत असेल, तर टीप पहिल्याच जागी द्यावी की प्रत्येक ठिकाणी?