मदत हवी आहे: लहान पोराचं लाइफ जॅकेट पाण्यात वर सरकते

वैनगंगेत डोंग्यानं ये-जा करताना ६ वर्षांच्या पोराला घालायचं जॅकेट. पोराचं वजन १९ किलो, पोहता येत नाही. सध्याच्या जॅकेटच्या आतल्या लेबलवर ५० न्यूटन अन् वजन ४० किलोच्या वर, असं लिहून आहे. म्हणजे माप चुकलंच, अन् ५० न्यूटनवालं तसंही पोहणाऱ्यासाठीच असते. तोंड पालथं पडलं तर ते उलथवून वर आणेलच असं नाही.

पट्टे खालून वर ओढून आवळले. मग खांद्यापाशी धरून उचललं, तर जॅकेट कानापर्यंत आलं. काठाला कमरेइतक्या पाण्यात पोराला धरून पाहिलं, तर गळा थेट नाकाशी भिडला. मांड्यांमधून नायलॉनची पट्टी शिवली, पण ओढ बसताच टाके उसवले. फोम कोरडा, बकल शाबूत. आत जाड स्वेटर घालून माप भरायचा सल्ला कृपया देऊ नका, स्वेटर ओला झाला की ढिला पडते.

आता १०० न्यूटनचं, मानेमागं कॉलर अन् मांड्यांमधून पट्टा असलेलं, १५ ते ३० किलोचं घ्यायचं ठरलं आहे. अडचण एकच: डोंग्यात पोरगं तळाशी मांडी घालून बसते, तेव्हा मांड्या जॅकेटची खालची कड वर ढकलतात.

असं बसणाऱ्या पोराला मधून एकच पट्टा पुरतो, की दोन्ही मांड्यांना वेगळे पट्टे असलेलं बघावं? अन् पट्टा उभं असताना आवळायचा, की बसवून?