मदत हवी आहे: कोड रिव्ह्यूत बोचरे शेरे आले, आता डिझाइनवर वाद घालायचा कसा?

अर्धा कप चहा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी पुण्यात बॅकएंडला आहे, साडेतीन वर्षांचा अनुभव, जावा आणि स्प्रिंग बूट. दोन आठवडे खपून ऑर्डरच्या पेमेंटचा भाग लिहिला आणि रिव्ह्यूला टाकला. आमच्याकडे एक सीनियर आहेत. माणूस हुशार, त्याबद्दल वाद नाही. त्यांनी ४३ शेरे टाकले. मूळ इंग्रजीत आहेत, पण सूर हाच:

"हे कुणी शिकवलं तुला?"
"असं चालणार नाही. आउटबॉक्स वापर."
"व्हेरिएबलला धड नाव द्यायचाही कंटाळा?"

मी विचारलं, का चालणार नाही? उत्तर आलं, "हेही मीच समजावून सांगायचं का?" आणि वर `Request changes`. हे सगळं आख्ख्या टीमला दिसतं. सहा दिवस पीआर तसाच पडून आहे आणि मला तो टॅब उघडायचीसुद्धा इच्छा होत नाही.

माझी बाजू अशी: ग्राहक स्क्रीनवर वाट बघत असतो, त्याला तिथल्या तिथे उत्तर हवं. आउटबॉक्स म्हणजे वेगळं टेबल आणि वेगळा वर्कर आला, आणि आम्ही आहोत चार जण. तो रात्री बंद पडला तर बघणार कोण? कोडचा गाभा खाली देते. गेटवेचा टाइमआउट १० सेकंद, दोन प्रयत्नांच्या मध्ये आधी १ आणि मग २ सेकंद थांबते.

```java
@Transactional
public void placeOrder(Order o) {
    orderRepo.save(o);
    for (int i = 0; i < 3; i++) {
        if (gateway.charge(o, UUID.randomUUID())) return;
        waitBeforeRetry(i);
    }
    throw new PaymentFailed();
}
```

माझं खरंच इतकं चुकलंय का? आणि नसेल, तर भांडण न करता हे सांगायचं कसं?

घाटावरचा

सरळ पेपर टाक. नोटीस पिरियड किती आहे? माझ्या आधीच्या कंपनीत मॅनेजर असाच होता, अप्रेझलला चार वर्षं तीनच्या वर रेटिंग दिलं नाही. एचआरला मेल केली, काही झालं नाही.

अर्धा कप चहा

@घाटावरचा, नोकरी सोडायची नाहीये हो. ते माझे मॅनेजरही नाहीत. प्रश्न रिव्ह्यूचा आहे.

खडूस काका

अगं, आधी वाईट बातमी देतो: त्यांचा मुद्दा बरोबर आहे. बोलले मात्र ते चूक. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, आणि तिथेच तुझी गोची झालीय. शेरा लागला म्हणून त्यातला मुद्दाही तू बाजूला सारलास.

"चालणार नाही" म्हणजे काय, ते त्यांनी लिहायला हवं होतं. त्यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. `@Transactional` सुरू झालं की डेटाबेसचं एक कनेक्शन तुझ्या हातात येतं आणि मेथड संपेपर्यंत सुटत नाही. गेटवे रुसला तर १०, १, १०, २, १० अशी बेरीज कर, ३३ सेकंद झाले. हिकारीचा पूल कुणी बदलला नसेल तर त्यात १० कनेक्शन असतात. म्हणजे गेटवे मंदावल्यावर फक्त दहा ग्राहकांनी 'पैसे भरा' दाबलं की पूल रिकामा. अकरावा ग्राहक नुसता पत्ता बदलायला आला असला तरी तो रांगेत, आणि त्या रांगेचा टाइमआउट मुळात ३० सेकंद. ३३ च्या आधी ३० येतात, त्यामुळे त्याला एररच दिसणार. पेमेंट गेटवेचा आजार आख्ख्या साइटला लागला.

दुसरं याहून वाईट. १० सेकंदांत उत्तर आलं नाही म्हणजे पैसे कापले गेले नाहीत असं नव्हे. तू दर प्रयत्नाला नवी `UUID` पाठवतेस, म्हणजे गेटवेच्या लेखी ती तीन वेगळी पेमेंट. आणि शेवटी `PaymentFailed` हा रनटाइम एक्सेप्शन असेल, तर सगळं रोलबॅक होऊन ऑर्डरची ओळही गायब. गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि तुमच्याकडे त्याचं नावही नाही.

हे तीन मुद्दे "हे कुणी शिकवलं" या एका वाक्यात कोंबले होते. वाचणाऱ्याला त्यातलं काय दिसणार, कपाळ?

कोकणी बाणा

काका, इतकं कशाला? पूल १० वरून ५० करा, विषय संपला.

खडूस काका

@कोकणी बाणा, पूल लहान असू शकतो हे बरोबर. पण ५० केल्याने अकराव्याऐवजी एक्कावन्नावा अडकेल, एवढंच. शिवाय डेटाबेसच्या बाजूलाही कनेक्शनांची मर्यादा असते, आणि चार सर्व्हर असतील तर पन्नासाचे दोनशे होतात. दोनदा पैसे कापले जाण्याला तर त्याचा काहीच उपयोग नाही.

रात्रपाळी

मी पलीकडच्या बाजूचा. म्हणजे असे शेरे मीही टाकलेत, लाज वाटते पण खरं आहे. एक विचारू? पीआर केवढा होता, आणि आउटबॉक्स की थेट कॉल यावर आधी कुठे बोलणं झालं होतं का?

अर्धा कप चहा

११४० ओळी, ३१ फायली. आधी बोलणं नाही झालं. तिकिटात फक्त "पेमेंट जोडा" एवढंच होतं.

रात्रपाळी

मग तिथेच पाणी मुरतंय. रिव्ह्युअरच्या जागी बसून बघ. संध्याकाळी सात वाजता हजार ओळी समोर येतात, आणि विसाव्या ओळीला कळतं की पायाच वेगळा हवा होता. खरं बोललो तर समोरच्याचे दोन आठवडे पाण्यात, गप्प बसलो तर उद्या प्रॉडक्शनला रात्री मलाच उठवणार. मी अशा वेळी चिडायचो आणि मग व्हेरिएबलच्या नावांवरही तुटून पडायचो. चाळीस शेऱ्यांतले पस्तीस त्या रागाचेच असायचे. हे समर्थन नाही, कुठून येतं तेवढं सांगतोय.

आता मी डिझाइन पटलं नाही तर ओळींवर शेरे टाकतच नाही. वर एकच शेरा लिहितो: गेटवेला ३० सेकंद लागले तर या कनेक्शनचं काय होईल, मला इथे भीती वाटते, फोनवर बोलू या का? बाकीचं वाचणं तिथेच थांबवतो, कारण पाया बदलला तर त्या ओळी राहणारच नाहीत. नावाबिवाच्या शेऱ्याआधी 'निट' लिहितो. म्हणजे केलंस तर बरं, नाही केलंस तरी मी अडवणार नाही.

तिरपा कंस

सगळे फार नाजूक झालेत. लिनस टॉरवाल्ड्स वर्षानुवर्षं शिव्या घालत आला, लिनक्स झालंच ना उभं?

खडूस काका

@तिरपा कंस, त्याच लिनसने सप्टेंबर २०१८ मध्ये ४.१९ ची चौथी आरसी काढताना आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही दिवस कामातून बाजूला झाला. त्याच सुमाराला कर्नलने आचारसंहिताही स्वीकारली. उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्यावं.

तिरपा कंस

माफी मागितली म्हणून कोड सुधारला असं काही नाही. गुळमुळीत रिव्ह्यूपेक्षा मला खरखरीत परवडतो. "मला वाटतं कदाचित" असं लिहिलेलं ज्युनियर वाचतात आणि सोडून देतात, बघितलंय मी.

रात्रपाळी

यात तथ्य आहे. मी 'भीती वाटते' लिहिलं की काही जण ते सूचना समजतात. म्हणून अडवायचं असेल तर तसं स्पष्ट लिहितो: "हे बदलल्याशिवाय मी मंजूर करणार नाही, कारण पैसे दोनदा कापले जातील." यात गुळमुळीत काही नाही आणि माणसाबद्दलही काही नाही.

खडूस काका

@अर्धा कप चहा, आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ४३ शेऱ्यांना ४३ उत्तरं देत बसू नकोस. आधी वरचा प्रकार स्वतः करून बघ. खोटा गेटवे उभा कर, ११ सेकंद झोपणारा, आणि एकदम बारा ऑर्डरी मार. लॉग तुझा असला की चर्चा तुमच्या दोघांच्या मतांवर राहत नाही.

मग अर्धं पान लिही, पीआरमध्ये नाही, वेगळं. त्यात आउटबॉक्सचा पर्याय त्यांच्या तोंडून निघाला असता तसा, प्रामाणिकपणे मांड. तो वाचून ते "हो, हेच म्हणत होतो" म्हणाले पाहिजेत. शेजारी तुझा पर्याय. माझ्या मते तो अजून जिवंत आहे: ऑर्डर `PENDING` म्हणून सेव्ह कर, तिच्याच ओळीत एक किल्ली ठेव, कमिट कर. मग ट्रान्झॅक्शनच्या बाहेर गेटवेला तीच किल्ली तिन्ही वेळा पाठव. निकाल आला की दुसरं छोटं ट्रान्झॅक्शन. मध्येच सर्व्हर पडला तर `PENDING` ओळी लटकतील, त्यासाठी दर पाच मिनिटांनी गेटवेला स्थिती विचारणारं काम लागेल. म्हणजे तुला नको असलेला वर्कर थोडासा आलाच, पण रोजची वाट त्याच्यावर अवलंबून नाही. गिऱ्हाइकाला उत्तर लगेच मिळतं.

यात कोण जिंकतं हे तुमच्या ट्रॅफिकवर आहे, मी इथून सांगू शकत नाही. गूगलच्या जाहीर रिव्ह्यू मार्गदर्शिकेत एक चांगला नियम आहे: बदल परिपूर्ण नसला तरी त्याने एकूण कोडची तब्येत नक्की सुधारत असेल, तर रिव्ह्युअरने मंजुरीकडे झुकावं. तो तुला लागू होईल, पण दोनदा पैसे कापणं दुरुस्त केल्यावर.

टोमण्याचं वेगळं बोल. एकटीने, फोनवर. "तुम्ही रागीट आहात" असं नको. नेमकं वाक्य वाचून दाखव आणि सांग की यातून मला बग कळला नाही.

नऊवारी

फोनवर बोलायचं काकांना सोपं वाटतं. मी बोलले होते. "इतकं मनाला लावून घेऊ नकोस" हे ऐकून परत आले आणि पुढचे रिव्ह्यू आणखी कोरडे झाले. नंतर टीममध्ये ठरवलं की एका पीआरवर तिसऱ्या फेरीलाही एकमत नसेल तर तिसऱ्या माणसाने निर्णय द्यायचा. त्याने थोडं हललं. माणूस तोच आहे.

अर्धा कप चहा

अपडेट देते. बारा ऑर्डरी मारल्या. दोन एररवर गेल्या:

```
HikariPool-1 - Connection is not available, request timed out after 30003ms.
```

काका, तंतोतंत. थोडी रडले, मग अर्धं पान लिहिलं. सीनियरांना लॉगसकट पाठवलं, तर त्यांनी स्वतःहून कॉल लावला. पाऊण तास बोललो. तुमचा `PENDING` चा मार्ग त्यांना पूर्ण पटलेला नाही, पण या तिमाहीपुरता चालेल म्हणाले. वर त्यांनी एक गोष्ट दाखवली जी इथे कुणी बोललं नाही: `spring.jpa.open-in-view` मुळात चालू असतं, त्यामुळे ट्रान्झॅक्शन संपलं तरी कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत धरलेलं राहतं. ते `false` केल्यावरच माझ्या बारा ऑर्डरींमध्ये एरर येणं थांबलं.

खडूस काका

लागली ती मला. बरोबर आहे, विसरलोच होतो. आणि "हे कुणी शिकवलं" चं काय झालं?

अर्धा कप चहा

त्याचा विषय काढायचा धीर नाही झाला. कॉलवर ते चांगले बोलत होते, मग मीही सोडून दिलं. ते ४३ शेरे अजून तसेच दिसतायत. पीआर बंद करून नवीन, छोटा काढतेय. रिव्ह्युअर म्हणून पुन्हा त्यांनाच लावावं का?

नऊवारी

लाव. पण सोबत दुसरंही कुणीतरी असू दे.