अनुभव धागा: तुमच्या सापाचं, सरड्याचं नाव कसं ठरलं?

मृद्गंध (लीड्स): लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला घरी लेपर्ड गेको आलाय. तीन महिन्यांचा आहे. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपूट, आणि एकेक पाऊल विचार करून टाकावं अशी चाल. लेक त्याला 'थंडर' म्हणते. मला ते नाव त्याच्या अंगाला बसत नाही असं वाटतं. तुमच्याकडे काय ठेवलं, काय टिकलं, काय बदलावं लागलं, ते सविस्तर लिहा.

केवडा (न्यू जर्सी): आमच्या बॉल पायथनचं पहिलं नाव 'तक्षक'. नवऱ्याने हौसेने ठेवलं. पण तक्षक म्हटलं की परीक्षित राजा आठवतोच. पाहुणे सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे. आणि हा साप घाबरला की डोकं मधोमध लपवून अंगाचा गोळा करणारा!
मग पुण्याहून आई आली. ती संध्याकाळी नवनाग स्तोत्र म्हणते, "अनंतं वासुकिं शेषं पद्मनाभं च कम्बलम्". एके दिवशी तिथेच थांबली आणि म्हणाली, "अगं, हा तर कंबल!" तो तेव्हा त्याच्या उबदार कोपऱ्यात घडी घातलेल्या घोंगडीसारखा पडला होता. त्या दिवसापासून तो कंबल. तक्षक त्याच यादीत पुढे आहे, पण आता कुणाला आठवत नाही. शेजारची मुलं "कंबल कुठंय?" विचारत येतात आणि दोन्ही हात त्याच्या पोटाखाली धरून अलगद उचलतात. साप तोच आहे.

एसटी_स्टँड: साप बहिराच असतो. काहीही नाव ठेवा, त्याला काय फरक पडणार?

वेटोळं (म्युनिक): अगदी बहिरा नसतो. बाहेरचा कान नाही, पण जमिनीची कंपनं आणि खालच्या पट्टीतले आवाज त्याला जाणवतात. मात्र स्वतःचं नाव तो ओळखत नाही, एवढं तुमचं बरोबर.
म्हणूनच मी नाव माझ्या हातासाठी ठेवलं. माझी पायथन 'माऊली'. पेटी उघडली की आधी हुकाने अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे ही जेवणाची वेळ नाही हे तिला कळतं. मग मी "माऊली" म्हणतो आणि उचलतो. तीन लांब अक्षरं म्हणेपर्यंत हात आपोआप सावकाश होतो. आधी 'झिप' म्हणायचो, तेव्हा हात झटक्यात जायचा आणि ती दचकून आखडायची.
मृद्गंध, एक सांगू का? तीन महिन्यांत नर की मादी ते खात्रीने सांगता येत नाही. साधारण सहा महिन्यांनी शेपटीच्या मुळापाशी, खालच्या बाजूने, भिंगातून बघा. उलट्या व्हीसारखी ठळक छिद्रांची ओळ आणि तिच्यामागे दोन फुगवटे दिसले तर नर. मादीत ती ओळ पुसट असते. ब्रीडरने अंडी किती तापमानाला ठेवली होती तेही विचारा. २६-२७ अंशांना बहुतेक माद्या निघतात, ३२ च्या आसपास नर जास्त. तोवर दोन्हीकडे चालेल असं नाव ठेवा.

गुलमोहर (मेलबर्न): हे आधी कळायला हवं होतं! तानाजींच्या घोरपडीवरून बिअर्डेड ड्रॅगनला 'यशवंती' नाव दिलं. वर्षभराने गळा काळा करून जोरजोरात मान डोलवायला लागला. डॉक्टरांनी तपासून नर सांगितलं. मुलगा आता 'यशवंत' म्हणतो. माझ्या तोंडी यशवंतीच. वाद चालू आहे.

पांदण (सातारा): आमच्या शेतात एक मांडूळ आहे. अजिबात चावत नाही, हातात घेतलं तरी शांत. 'गणोबा' नाव ठेवलंय. डब्यात माती घालून घरी ठेवावं म्हणतोय, नाव चांगलं आहे ना?

वेटोळं: दादा, नाव सुंदर आहे, पण घरी नका आणू. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मांडूळ पाळता येत नाही. शिवाय गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी होते, त्यामुळे चार लोकांना सांगूही नका. गणोबा बांधावरच राहू दे. उंदीर खाऊन तुमचंच काम करतो.

पांदण: बरं. सोडून देतो. नाव मात्र राहील.

तुळस_कट्टा (लेस्टर): आमची पायथन पहिल्याच हिवाळ्यात अकरा आठवडे जेवली नाही. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचे. १४२० ग्रॅमवरून १३६० वर आली, तेव्हा रडले. डॉक्टर म्हणाले, एवढी घट चालते, प्रौढ पायथन असा उपास करतात, फक्त वजन लिहीत राहा. सासूबाईंनी तेव्हाच नाव दिलं, 'एकादशी'. उपास सुटला, नाव राहिलं.

मृद्गंध: सगळं लेकीला वाचून दाखवलं. थंडर मागे पडलं. तिला 'कंबल' हवं होतं, पण ते केवडाताईंचं आहे हे तिनेच ठरवलं. डॉक्टरांच्या कार्डावर सध्या पेन्सिलने 'सुपारी' लिहिलंय, नर असो वा मादी. भिंग आणून ठेवलंय.
आज पहाटे मात्र पहिल्यांदा कात टाकताना दिसला, आणि निघालेली कात तुकड्यातुकड्याने स्वतःच खाऊन टाकली. लेक शाळेत जाताना 'पापड' म्हणून गेलीये.