तपासणी शिबिराचा इंग्रजी मेसेज साध्या मराठीत हवाय, उद्या सकाळपर्यंत. बजेट ३००

ओझरची_सून:
आमच्या गावात रविवारी शाळेत रक्ततपासणी शिबिर आहे, सकाळी ७ ते १०. नावं दिलेली माणसं १८० च्या आसपास, बहुतेक साठीच्या पुढची. लॅबने मेसेज इंग्रजीत पाठवलाय आणि तो मराठीत करून व्हॉट्सॅपवर टाकायचं काम माझ्याकडे आलंय. साठेक शब्दांचा आहे. कुणी नीट करून देणारं माहीत असेल तर सांगा, मंडळाकडून ३०० रुपये देता येतील, त्याच्यावर नाही.

भाच्याने डिक्शनरी घेऊन केलेलं हे असं झालंय:

"प्रिय सहभागी, आपणास विनंती करण्यात येते की आपण स्थळी ८ ते १० तासांच्या उपवासाच्या स्थितीत अहवाल द्यावा. साध्या पाण्यास परवानगी आहे. कृपया आपली नियमित औषधे चालू ठेवा जोपर्यंत आपल्या चिकित्सकाद्वारे अन्यथा सल्ला दिला जात नाही. कृपया लक्षात घ्यावे की अहवाल ४८ तासांच्या आत उपलब्ध करून दिले जातील. झालेल्या कोणत्याही गैरसोयीबद्दल तीव्र खेद आहे."

चूक म्हणावी तर एकही शब्द तसा चुकीचा नाही पण माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या कुणाचा अहवाल द्यायचाय आम्ही?

शुद्धलेखन_प्रेमी:
भाच्याचं मराठी उत्तम आहे, उगाच नावं ठेवू नका. फक्त "चिकित्सक" ऐवजी "वैद्यकीय अधिकारी" करा. आणि एक मोठा इंग्रजी-मराठी कोश घरात घेऊनच ठेवा, मी घेतला तेव्हा हजाराच्या वर गेला पण आयुष्यभर पुरतो.

पेणकर७२:
३०० मधे काय होतंय. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका इंग्रजीवरून मराठी करायला एका एजन्सीला दिली होती, त्यांनी पैसे चांगले घेतले आणि "तुमच्या उपस्थितीची विनंती केली जाते" असं छापायला पाठवलं. मी स्वतः बसून बदललं. एजन्सीच्या नादी लागू नका.

ओझरची_सून:
@शुद्धलेखन_प्रेमी काका कोश यायला चार दिवस लागतील, मला उद्या सकाळी मेसेज टाकायचाय.

लॅबमधली_ताई:
थांबा थांबा, भाषा नंतर बघू. "उपवास" हा शब्द आधी काढा!! मी अठरा वर्षं रक्त काढतेय. उपवास म्हटलं की आपल्याकडे माणूस साबुदाण्याची खिचडी, केळं, शेंगदाण्याचा लाडू खाऊन येतो आणि शपथेवर सांगतो की काल रात्रीपासून उपवास आहे. ते खोटं बोलत नसतात, आपण चुकीचा शब्द दिलेला असतो. खिचडी म्हणजे सगळा स्टार्च, फास्टिंग शुगर वर गेलेली दिसते आणि मग त्या माणसाला शुगर आहे की खिचडी आहे ते कळत नाही, परत बोलवावं लागतं.

ओझरची_सून:
ताई गेल्या वर्षी अगदी हेच झालं!! मेसेजमधे "उपवास करून यावे" लिहिलं होतं आणि त्या दिवशी नेमकी संकष्टी. निम्म्या बायका राजगिऱ्याचे लाडू खाऊन रांगेत.

जुन्नरी_आजोबा:
आमच्याकडे याला अनशापोटी म्हणतात. एवढा सोपा शब्द असताना उपवास कशाला.

कोल्हापुरी_संदीप:
अनशापोटी नाही अनुशापोटी.

जुन्नरी_आजोबा:
आमच्या आजीपासून अनशापोटीच ऐकतोय. वैद्य काढा द्यायचे तेव्हा अनशापोटीच घ्यायला सांगायचे.

कोल्हापुरी_संदीप:
आमच्या आजीचं पण ऐकून बघा मग.

गिरगावची_वृंदा:
दोन्ही बोलतात लोक, पण माझ्या पुण्यातल्या सुनेला दोन्ही कळणार नाहीत. "उपाशीपोटी" सगळ्यांना कळतं. फक्त उपाशीपोटी म्हणजे पाणीसुद्धा नाही हे लक्षात ठेवा, निर्जळी.

लॅबमधली_ताई:
नाही वृंदाताई, पाणी चालतं, उलट प्यायलेलं बरं, नाहीतर शीर सापडत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला दोनदा टोचावं लागतं. पण तुम्ही म्हणताय तसं समजणारे बरेच असतात म्हणून पाण्याचं वेगळं वाक्य पाहिजेच. "पाण्यास परवानगी आहे" नको, "साधं पाणी प्यायलं तर चालतं" एवढं बास. आणि चहाचं नाव घेऊन लिहा. आपल्याकडे चहाला कुणी खाणं धरत नाही, "काही खाल्लं नाही हो, नुसता चहा घेतला" हे रोज ऐकते. मिश्री आणि तंबाखू पण लिहा, सॅम्पल होईपर्यंत नको.

शुद्धलेखन_प्रेमी:
"प्यायलं" हे बोली रूप आहे, लेखनात "प्यायल्यास" हवे. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा घडवतंय ते कशासाठी? शासन व्यवहार कोश बघावा.

रेडिओवाल्या_मावशी:
शासन व्यवहार कोश माझ्याही टेबलावर होता काका, कामाचाच आहे, पण तो कचेरीतल्या कागदासाठी. पत्र, टिपणी, आदेश. इथे वाचणारी बाई चूल पेटवायच्या आधी फोनवर हे बघणार आहे.

मी बरीच वर्षं रेडिओसाठी इंग्रजी बातम्यांवरून मराठी लिहिलं. सून बाई, तुम्ही पैसे देऊ नका कुणाला, मी सांगते तसं करा. इंग्रजी मेसेज दोनदा वाचा आणि फोन उलटा ठेवा. मग ज्यांनी तो बघितलेला नाही अशा कुणालातरी, म्हणजे शेजारच्या काकूंना, तोंडाने सांगा. सांगताना स्वतःचं रेकॉर्ड करा. तुम्ही आपोआप "रविवारी शाळेत या, रात्री लवकर जेवा" असंच बोलाल, "आपणास विनंती करण्यात येते" तोंडातून निघणारच नाही. ते रेकॉर्डिंग ऐकून टाइप करा. शेवटी इंग्रजीशी ताडून बघा काही सुटलंय का, वाक्याला वाक्य जुळवायला जाऊ नका.

त्या मसुद्यात अडचण शब्दांची कमी आणि बांधणीची जास्त आहे. "विनंती करण्यात येते की आपण..." हे इंग्रजीचं हाड तसंच राहिलंय. मराठीत "या" म्हटलं की त्यात आदर आणि विनंती दोन्ही आलं. "द्वारे" दिसलं की थांबायचं आणि विचारायचं हे कोण करणार, मग त्यालाच कर्ता करायचं. "चिकित्सकाद्वारे सल्ला दिला जात नाही" नाही, "डॉक्टर सांगतील". सगळ्यात वाईट ते "जोपर्यंत अन्यथा सल्ला दिला जात नाही". इंग्रजीत आधी नियम आणि मागून अपवाद येतो. आपल्याकडे अपवादाची माणसं आधी बाजूला काढायची, "डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तसं करा, नाहीतर रोजच्यासारखं". लगेच सरळ होतं.

पेणकर७२:
स्थळ पण बदला. स्थळ म्हटलं की लग्नाचं स्थळ वाटतं.

कोल्हापुरी_संदीप:
आणि अहवाल नको, रिपोर्ट म्हणा. रक्तशर्करा पण नको, शुगर. आमच्या गावात बीपी सगळ्यांना कळतं, रक्तदाब म्हटलं की विचार करतात.

शुद्धलेखन_प्रेमी:
असं करत करतच भाषा संपते. माझा विरोध नोंदवून ठेवतो.

लॅबमधली_ताई:
मावशींचं बरोबर आहे पण गोळ्यांच्या वाक्यात मला भाषेपेक्षा वेगळी भीती वाटतेय. मूळ इंग्रजीत "रोजची औषधं चालू ठेवा" आहे ना? रविवारी सकाळी शुगरची गोळी उपाशीपोटी घेतली आणि दहा वाजेपर्यंत रांगेत उभं राहिलं तर शुगर खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो, घाम फुटतो, हात कापतात. आमच्याकडे सकाळची शुगरची गोळी आणि इन्सुलिन सॅम्पल दिल्यावर, नाश्त्याच्या वेळी घ्यायला सांगतात. बीपीची गोळी पाण्याबरोबर चालते. हे तुम्ही मनाने बदलू नका, शिबिराच्या डॉक्टरांना फोन करून विचारा आणि ते सांगतील ते लिहा.

जुन्नरी_आजोबा:
मी तर तपासणीच्या दिवशी सगळ्याच गोळ्या बंद ठेवतो, काही होत नाही.

लॅबमधली_ताई:
आजोबा बीपीची बंद ठेवू नका हो, त्या दिवशीचं बीपीपण वाढलेलं दिसेल. तुमच्या डॉक्टरांना विचारा एकदा.

अजून एक, "८ ते १० तास" लिहू नका, लोक बोटं मोजत बसतात. सातला सुरू होणार तर "रात्री ९ च्या आत जेवा" म्हणा, दहा तास झाले. पण जो दहाला येईल तो तेरा तास उपाशी राहील, म्हणून शुगरवाल्यांना सातलाच बोलवा. तसंच ४८ तास नको, रविवारचे ४८ तास म्हणजे मंगळवार, वार लिहा.

गिरगावची_वृंदा:
आमच्या सोसायटीत लिफ्ट बंदची नोटीस आली होती "गैरसोयीबद्दल तीव्र खेद आहे", चार दिवस सहा मजले चढले मी. खेद काय करायचाय. तुमच्याकडे तर गैरसोय झालेलीच नाही अजून, ते वाक्यच काढा.

रेडिओवाल्या_मावशी:
काढाच. आणि लिहून झालं की काकूंना "समजलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मग रविवारी उठल्यावर काय काय करशील?" विचारा. त्या चहा म्हणाल्या की मेसेज कच्चा आहे असं समजा.

ओझरची_सून:
डॉक्टरांशी बोलले. गोळ्यांचं ताई म्हणाल्या तसंच सांगितलं, मूळ मेसेज दुसऱ्या कुठल्यातरी शिबिराचा होता म्हणे. मग मावशींच्या पद्धतीने शेजारच्या काकूंना सांगितलं. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या "उठल्यावर दूध घेईन, चहा नको म्हणालीस ना." म्हणून दूध घातलं. आता असं झालंय:

"नमस्कार. हा देवाचा उपवास नाही, उपवासाचे पदार्थही चालणार नाहीत.
रविवारी शाळेत रक्ततपासणी आहे. सकाळी ७ ते १० मधे या. शुगर असलेल्यांनी ७ वाजताच या.
शनिवारी रात्री ९ च्या आत जेवून घ्या. त्यानंतर रक्त देईपर्यंत काही खायचं नाही. चहा, दूध, बिस्किट, केळं, साबुदाणा, मिश्री, तंबाखू काहीच नको. साधं पाणी प्यायलं तर चालतं.
बीपीची गोळी रोजच्यासारखी पाण्याबरोबर घ्या. शुगरची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घरी घेऊ नका, बरोबर आणा. रक्त दिल्यावर नाश्त्याच्या वेळी घ्यायचं आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.
रिपोर्ट मंगळवारी शाळेतच मिळतील."

लॅबमधली_ताई:
छान झालंय, पण पहिलं वाक्य काढा हो. उपवास हा शब्द दिसला की डोक्यात तोच राहतो, "नाही" वाचायला कुणी थांबत नाही.

रेडिओवाल्या_मावशी:
मीही तेच म्हणणार होते. नकाराने सुरुवात नको.

जुन्नरी_आजोबा:
काढा ते. आणि अनशापोटी घाला.

ओझरची_सून:
तुमचं सगळ्यांचं पटतंय तरी ठेवतेय. गेल्या वर्षीचा मेसेज लोकांच्या डोक्यात आहे, आजच दोघींनी विचारलं की या वेळी पण उपवास धरायचा ना. त्यांना आधी ते उत्तर पाहिजे, मग बाकीचं वाचतील. अनशापोटी मी त्याच मेसेजच्या आवाजी रेकॉर्डिंगमधे घेतेय, सासूबाई बोलणार आहेत, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. ३०० रुपयांची केळी आणि बिस्किटं आणतो, रक्त दिल्यावर वाटायला.

कोल्हापुरी_संदीप:
रेकॉर्डिंगमधे अनुशापोटी म्हणायला सांगा.

लॅबमधली_ताई:
केळी बिस्किटं टेबलाच्या पलीकडे ठेवा, रक्त दिलेल्यांच्या बाजूला. रांगेच्या बाजूला ठेवलीत तर आधीच खाऊन टाकतील.