क्लायंट बघणाऱ्या मॅडम सोडून चालल्यात, क्लायंटला कधी सांगायचं आणि कोणी?

पिंपरीकर:
आमचं पिंपरीत टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे, क्लायंट बहुतेक भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपवाले. त्यातले बरेचसे एकच सीनियर मॅडम बघतात, जीएसटी, टीडीएस सगळं, आणि लोक बिलं पण थेट त्यांच्याच व्हॉट्सॲपवर टाकतात. त्यांनी राजीनामा दिलाय, महिनाअखेर शेवटचा दिवस. जागेवर ऑफिसमधलाच एक मुलगा बसणार आहे. क्लायंटना आत्ता सांगू का त्या गेल्यावर? आणि फोन मी करू का त्यांनीच करावा?

नाना चिंचवड:
गेल्यावर सांगा, स्पष्ट सांगतो. आपल्या धंद्यात क्लायंट ऑफिसचा नसतो, माणसाचा असतो. आज कळवलं की उद्या तो मॅडमना विचारणार "तुम्ही कुठे चाललात, घरून करणार असाल तर आमचं पण करा ना", आणि त्या नाही कशाला म्हणतील. एक तारखेला मुलाला समोर बसवा आणि सांगा की आता हा बघणार, विषय संपला. लोक दोन दिवस कुरकुरतात, मग बिलं पाठवायला लागतात.

खतावणी:
नाना, क्लायंट माणसाचा असतो हे बरोबर आहे, पण त्यातून तुम्ही काढलाय तो निष्कर्ष मला पटत नाही. माणसाचा असतो म्हणूनच त्या माणसाच्या तोंडून कळायला हवं. मॅडम गेल्यावर क्लायंट त्यांना सवयीने फोन करणारच, आणि "मी तर सोडलं, तुम्हाला सांगितलं नाही का ऑफिसने?" हे वाक्य त्याने ऐकलं की पुढे तुम्ही काहीही सांगा, त्याला लपवाछपवीच वाटणार.

पिंपरीकर, आज २२ तारीख, ३बी भरून झालेत, म्हणजे क्लायंटचं डोकं जरा मोकळं आहे. फोन करायला महिन्यातले हेच दिवस चांगले, ८ ते २० मध्ये असला विषय काढायचाच नाही. पहिला फोन तुम्ही करा पण मॅडम लाइनवर हव्यात, आणि मुलाचं नाव त्याच फोनमध्ये सांगा. "बघतो, कोणाला तरी देतो" असं म्हणून ठेवून दिलात तर मधले दिवस तो दुसरा कन्सल्टंट शोधण्यात घालवेल.

पण त्याच्याही आधी एक काम. जीएसटी पोर्टलवर किती क्लायंटच्या नावापुढे मॅडमचा मोबाइल आणि मेल टाकलाय ते आजच बघा. छोट्या ऑफिसात रजिस्ट्रेशन करताना सोयीसाठी स्टाफचाच नंबर टाकतात. मग ३बी सबमिट करताना ओटीपी त्यांच्या फोनवर, पासवर्ड रीसेट केला तर तोही तिथेच. त्या आहेत तोवर नॉन-कोर अमेंडमेंटमधून मालकाचा नंबर टाकून घ्या, त्याला ऑफिसरची मंजुरी लागत नाही. नंबर हातचा गेला आणि पासवर्डही चालेना तर मात्र क्लायंटला कागद घेऊन जीएसटी ऑफिसला जावं लागतं, आणि तिथे रांगेत उभा राहिल्यावर तो तुमच्याबद्दल काय विचार करेल ते मी सांगायला नको.

शीटमेटल भोसरी:
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे क्लायंट. आमच्याकडे असंच झालं. आमचं बघणारा माणूस गेला, कोणी सांगितलं नाही, आणि महिन्याच्या ९ तारखेला एका अनोळखी नंबरवरून मेसेज, "सर जीएसटी युजरनेम पासवर्ड पाठवा". मला आधी फ्रॉडच वाटला. ऑफिसला फोन केला तर म्हणाले हो हो, तो आमचाच मुलगा. तोवर ११ तारीख उलटली, जीएसटीआर-१ उशिरा गेला, आमच्या मोठ्या कस्टमरच्या २बी मध्ये आमची बिलं दिसली नाहीत आणि त्याने जीएसटीची रक्कम अडवून ठेवली. लेट फी किरकोळ होती हो, पण अडकलेले पैसे पगाराच्या दिवशी आठवतात. माणूस बदलला याचा राग नाही आला, माझं सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं त्याचा आला. इतकी वर्षं दिलेली माहिती काय त्या माणसाच्या डोक्यातच होती का?

ठाणेकर एचआर:
एवढं कशाला? मॅडमच्या सहीने एक ईमेल, तुम्हाला सीसी, नवीन माणसाचं नाव आणि नंबर, झालं. लेखी राहतं, उद्या कोणी म्हणायला नको की कळवलं नाही. आणि त्या का सोडतायत ते अजिबात लिहू नका, तो त्यांचा खासगी विषय आहे.

खतावणी:
लेखी हवंच, मान्य. पण वर्कशॉपवाला माणूस मेल उघडतच नाही, त्याचा मेल आयडी बहुतेक वेळा ऑफिसनेच काढून दिलेला असतो. म्हणून आधी फोन आणि मग त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लेखी. कारणाचं म्हणाल तर, मॅडमना विचारा काय सांगितलेलं चालेल, आणि दोघांनी शब्दशः तेच सांगा. क्लायंट विचारतोच. तुम्ही "पर्सनल कारण" म्हणालात आणि त्या "दुसरीकडे चांगली ऑफर आली" म्हणाल्या की त्याला भांडणाचा वास येतो.

भोसरीवाले साहेबांनी शेवटी जे लिहिलंय त्यावर जरा सविस्तर लिहितो कारण विश्वास तिथेच तुटतो. हँडओव्हर म्हणजे पासवर्डची यादी नव्हे. प्रत्येक क्लायंटचं एक पान मॅडमच्या शेजारी बसून मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. समजा एक प्रेसपार्टवाला आहे. त्याचा पावडर कोटिंगवाला रिटर्न नेहमी उशिरा भरतो, त्यामुळे ते क्रेडिट पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये येतं आणि दर १४ तारखेनंतर त्याला फोन करावा लागतो. मालकाऐवजी वहिनी बिलं पाठवतात, त्याही रात्रीच. भाडं बायकोच्या नावावरच्या गाळ्याचं आहे, टीडीएस विसरायचा नाही. ट्रकवाल्याची बिलं हाताने लिहिलेली असतात, त्यावर आरसीएम बघायचा. या गोष्टी टॅलीत कुठेच सापडत नाहीत.

आणि मग मुलाने पहिल्या फोनमध्ये "मी नवीन, काही लागलं तर सांगा" असं म्हणायचंच नाही. "दादा, पावडर कोटिंगवाल्याचं बिल याही वेळी २बी मध्ये आलं नव्हतं, मी १५ ला त्याच्या मागे लागतो" एवढंच म्हणायचं. समोरच्याला कळतं की याला आपली फाइल माहीत आहे. ओळख करून द्यायला याहून चांगलं वाक्य मला तरी माहीत नाही.

हिंजवडी ते बाणेर:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, मीच सोडतेय. आयटीत आहे, क्लायंट अमेरिकेतला, रोजच्या कॉलवर मीच असते. मॅनेजर म्हणतो शेवटच्या आठवड्यापर्यंत क्लायंटला बोलायचं नाही. क्लायंट मात्र मला पुढच्या तिमाहीच्या कामाचं विचारतोय आणि मी हो हो करतेय, फार अवघड वाटतं. स्वतःहून सांगून टाकू का?

पिंपरीकर:
ताई, मॅनेजरला डावलून सांगू नका, पण पुढच्या तिमाहीला तुमच्या नावाने हो पण म्हणू नका. "टीम बघेल" म्हणा आणि तो कॉल झाल्या झाल्या मॅनेजरला लेखी कळवा की क्लायंट हे विचारतोय, आता किती दिवस थांबायचं.

बाकी खतावणी, पोर्टल बघितलं. बऱ्याच ठिकाणी मॅडमचाच नंबर निघाला, आजपासून बदलायला घेतले. मॅडम स्वतः फोनला बसायला तयार आहेत. व्हॉट्सॲपवर हे टाकायचा विचार आहे:

"नमस्कार, आपलं काम बघणाऱ्या मॅडम काही कारणास्तव आमच्या ऑफिसमधून जात आहेत. तरी आपल्याला कोणतीही गैरसोय होणार नाही याची खात्री बाळगावी. यापुढे आपलं काम आमचे नवीन सहकारी पाहतील. आपलं सहकार्य असंच राहू द्यावं."

शीटमेटल भोसरी:
साहेब, हे वाचून मला तरी भीतीच वाटेल. "काही कारणास्तव" कशाला? आणि मी बिलं उद्यापासून कुठे पाठवू हे तर यात नाहीच.

खतावणी:
अगदी बरोबर बोलले. असं करा:

"नमस्कार दादा, फोनवर बोलल्याप्रमाणे मॅडम ३० तारखेपर्यंत आपल्याकडे आहेत. १ तारखेपासून तुमचं काम (मुलाचं नाव) बघेल, तो तुमची फाइल मॅडमसोबत बसून समजून घेतोय. बिलं आजपासून या ऑफिसच्या नंबरवर टाका, मॅडमच्या नंबरवर नको. ११ चं जीएसटीआर-१ तो करेल आणि भरायच्या आधी मी स्वतः तपासेन. काही अडलं तर माझा नंबर हा."

ऑफिसचा नंबर म्हणजे खरंच ऑफिसचं सिम घ्या, मुलाचा पर्सनल नंबर देऊ नका, नाहीतर तो सोडेल तेव्हा हाच प्रश्न घेऊन परत याल. बिलं आजपासून म्हटलंय तेही मुद्दाम, म्हणजे सवय मॅडम असतानाच लागते. मग ५ तारखेला बघायचं की कोणाची बिलं ऑफिसच्या नंबरवर आलेली नाहीत. ते लोक अजून मॅडमनाच पाठवतायत असं समजा आणि त्यांना स्वतः फोन करा. क्लायंट हातातून निसटतोय हे सगळ्यात आधी तिथे दिसतं, तक्रार फार नंतर येते.

एक अडचण राहतेच. शेवटचा दिवस महिनाअखेर आहे आणि खरं काम १ ते २० मध्ये असतं, म्हणजे मुलाचं पहिलं फाइलिंग मॅडमशिवाय होणार. त्यांना २० पर्यंत थांबायला विचारा. जमत नसेल तर या महिन्याची जी बिलं आलीयत त्यावर पुढचं जीएसटीआर-१ त्याच्याकडून आत्ताच टॅलीत तयार करून घ्या, मॅडमनी फक्त चुका दाखवायच्या.

नाना चिंचवड:
हे सगळं ठीक आहे, पण मॅडम दोन-चार क्लायंट घेऊन गेल्या तर? ऑफर लेटरमध्ये क्लॉज टाका ना, सोडल्यावर दोन वर्षं हे काम करायचं नाही.

खतावणी:
नाना, नोकरी सुटल्यावर तेच काम करू नको ही अट करार कायद्याच्या (१८७२) कलम २७ खाली टिकत नाही. क्लायंटचा डेटा घेऊन जायचा नाही ही अट वेगळी, ती लिहून ठेवावी. पण त्या स्वतः फोनला बसायला तयार झाल्यात, अशा माणसाला शेवटच्या आठवड्यात क्लॉज दाखवलात तर त्या फोनवर कोणत्या आवाजात बोलतील?

नाना चिंचवड:
तुमचं ऑफिस मोठं असेल, दोन क्लायंट गेले तर तुम्हाला चालतं. लहान ऑफिसला त्याच दोघांच्या फीमध्ये एक पगार निघतो. मी आजही म्हणेन, सगळ्यात मोठ्या दोघांना फोनवर नका सांगू, पिंपरीकरांनी स्वतः मुलाला घेऊन त्यांच्या शॉपवर जावं, मॅडमना न नेता.

शीटमेटल भोसरी:
शॉपवर या, नक्की या. पण मॅडमना घेऊन या. त्यांना मागे ठेवून आलात तर मी तुमच्यासमोर हो म्हणेन आणि संध्याकाळी त्यांनाच फोन लावून विचारेन की नेमकं काय झालं.

पिंपरीकर:
मोठ्या दोघांकडे शनिवारी तिघं मिळून जातोय. २० तारखेचं विचारलं, मॅडम म्हणाल्या नवीन ठिकाणी १ लाच जॉइन व्हायचंय, पण ११ आणि २० च्या आदल्या संध्याकाळी मुलाचा फोन घेईन. याचे त्यांना पैसे द्यावेत का, आणि हे क्लायंटला सांगावं का? सांगितलं तर तो परत त्यांच्यावरच अवलंबून राहील असं वाटतंय.

खतावणी:
पैसे जरूर द्या. क्लायंटला सांगण्याबद्दल मात्र माझंही नक्की ठरत नाही. इथे कोणी केलं असेल तर लिहा.